गुऱ्हाळातील चित्रीकरणासाठी झेब्रा आणि फॉल्स कलर: चेहऱ्याचे एक्सपोजर ठरविण्याची पद्धत

कोल्हापूर परिसरात दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की त्यांचे व्हिडिओ काढणाऱ्यांचीही वर्दळ सुरू होते. करवीर, पन्हाळा किंवा कागल तालुक्यांतील कोणत्याही गुऱ्हाळघरात प्रकाशाची स्थिती साधारण सारखीच असते. काहिलीवरून पांढरी वाफ उठत असते, पत्र्याच्या छपराखाली अंधार असतो, एका बाजूच्या मोकळ्या भागातून दुपारचे ऊन आत घुसलेले असते, चुलवाणाच्या तोंडाशी जाळ असतो आणि या सगळ्यांच्या मध्ये सावळ्या वर्णाचा गुळव्या घामाने चमकत उभा असतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघून येथे एक्सपोजर ठरविणे जवळजवळ अशक्य आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तीच स्क्रीन फार उजळ वाटते, त्यामुळे माणूस नकळत ॲपर्चर बंद करत जातो आणि घरी येऊन पाहतो तेव्हा चेहरे काळे पडलेले असतात. बाहेर उन्हात नेमके याच्या उलट घडते. झेब्राचे तिरपे पट्टे आणि फॉल्स कलरचे रंग ही दोन्ही साधने स्क्रीनच्या उजळपणावर अवलंबून नसून प्रत्यक्ष सिग्नलची पातळी मोजतात, म्हणून अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. मात्र कोणत्या आकड्यावर काय दिसायला हवे हे आधी ठरवलेले नसेल, तर पट्टे आणि रंग यांतून काहीच हाती लागत नाही. या लेखात ते आकडे एकाच प्रसंगावर, म्हणजे काहिलीशी उभ्या असलेल्या गुळव्याच्या चेहऱ्यावर, लावून दाखवले आहेत.

आधी कॅमेरा स्थिर करावा

झेब्रा सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्यातील प्रत्येक स्वयंचलित गोष्ट बंद करावी. ऑटो आयएसओ चालू राहिले, तर वाफेचा लोट फ्रेममध्ये येताच कॅमेरा संपूर्ण चित्र काळवंडवतो आणि वाफ विरली की पुन्हा उजळवतो. चेहरा असा वरखाली होत राहिला तर एडिटिंगमध्ये तो सावरणे फार कठीण जाते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने गुऱ्हाळातील ट्यूबलाइट किंवा बल्ब या शटरवर सहसा लुकलुकत नाहीत. स्वस्त एलईडी दिवा मात्र एकदा चित्रण करून तपासावा. व्हाइट बॅलन्सही हाताने ठरवून ठेवावा, कारण तो बदलला की लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलच्या पातळ्या बदलतात आणि झेब्राचा अर्थही थोडा सरकतो. आयएसओ कॅमेऱ्याच्या मूळ म्हणजे बेस पातळीवर ठेवून उजेड ॲपर्चरने आणि बाहेरच्या शॉटसाठी एनडी फिल्टरने आवरावा.

पिक्चर प्रोफाइल कोणते वापरणार हेही आत्ताच ठरवावे. झेब्राचे आकडे प्रोफाइलनुसार बदलतात, म्हणून मध्येच प्रोफाइल बदलले तर पुढे लावलेला सगळा हिशेब फुकट जातो. पहिला हिशेब आपण कॅमेऱ्यातील साध्या, स्टँडर्ड प्रोफाइलवर करू आणि लॉग या जास्त उजेड-अंधार सामावणाऱ्या प्रोफाइलकडे नंतर वळू.

दोन झेब्रा, दोन वेगळी कामे

झेब्रा म्हणजे चित्राच्या ज्या भागाची ल्यूमा, म्हणजेच उजळपणाची पातळी ठरलेल्या आकड्यात बसते, त्या भागावर स्क्रीनवर दिसणारे तिरपे पट्टे. ते कार्डवर रेकॉर्ड होत नाहीत. आकडे टक्क्यांत असतात. जुने लोक त्यांना आयआरई म्हणतात. शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे व्हिडिओचा पांढरा. बहुतेक कॅमेऱ्यांत झेब्रा दोन प्रकारे लावता येतो. पहिल्या प्रकारात एक मधला आकडा आणि त्याच्या आसपासची मर्यादा दिली जाते, उदाहरणार्थ ५० अधिक-उणे ५. मग पट्टे फक्त ४५ ते ५५ या पातळीवर दिसतात. दुसऱ्या प्रकारात एक किमान आकडा दिला जातो आणि त्याच्या वरचे सगळे पट्ट्यांनी भरते. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत हे पर्याय `Std+Range` आणि `Lower Limit` या नावांनी दिसतात. कॅननच्या कॅमेऱ्यांत त्यांना पहिला आणि दुसरा झेब्रा म्हणतात. काही कॅमेरे दोन्ही एकाच वेळी दाखवतात, काही एका वेळी एकच. एकच दाखवणारा कॅमेरा असेल, तर झेब्राची पातळी बदलण्याचे काम एखाद्या कस्टम बटणाला देऊन ठेवावे, कारण शूटच्या वेळी मेनूत शिरायला सवड मिळत नाही.

पहिला झेब्रा चेहऱ्यासाठी आणि दुसरा जळणाऱ्या हायलाइटसाठी, अशी कामे वाटून द्यावीत. दुसरा बहुधा सगळेच वापरतात. खरी गडबड पहिल्याच्या आकड्यात होते, म्हणून तेथे थोडे थांबायला हवे.

चेहऱ्याला सत्तर का नको

अनेक व्हिडिओंत आणि पुस्तिकांत सांगितले जाते की चेहऱ्यावर ७० टक्क्यांचा झेब्रा यावा. हा आकडा गोऱ्या युरोपीय त्वचेवरील उजळ भागासाठी रूढ झाला. एक्सपोजरचा पाया असलेले १८ टक्के परावर्तनाचे ग्रे कार्ड स्टँडर्ड प्रोफाइलमध्ये साधारण ४१ टक्क्यांच्या आसपास बसते. गोरी त्वचा त्या कार्डाच्या जवळपास दुप्पट प्रकाश परत टाकते, म्हणजे एक स्टॉप वर असते. तिच्या कपाळावरील चमक सत्तरला पोहोचते. आपल्याकडील गव्हाळ वर्ण ग्रे कार्डाच्या किंचित वर असतो, सावळा वर्ण त्याच्या बरोबरीला, तर काळा वर्ण त्याच्याही खाली. असा चेहरा सत्तरला आणला म्हणजे तो मुद्दाम एक ते दीड स्टॉप जास्त उजळवलेला असतो. वर्णाचा पोत धुऊन निघतो, अंगातला बनियन आणि मागची वाफ जळून जाते, आणि एडिटिंगमध्ये चेहरा खाली ओढला तरी त्यावर खडूसारखा फिकटपणा राहतो.

म्हणून गव्हाळ चेहऱ्याच्या उजेडाकडील गालासाठी ५० ते ५५, सावळ्यासाठी ४५ ते ५० आणि काळ्या वर्णासाठी ४० च्या आसपास, अशी सुरुवात करावी. हे नियम नव्हेत. बाजूने येणाऱ्या उजेडात चेहऱ्याची सावलीची बाजू याहून बरीच खाली राहते आणि तशी राहणेच योग्य असते; अंधाऱ्या गुऱ्हाळघरातला माणूस नवरात्रातल्या मांडवाखाली उभा असल्यासारखा सगळीकडून उजळ दिसू लागला तर जागेची ओळखच पुसली जाते.

मोजायचे कुठे हेही महत्त्वाचे आहे. गुळव्याच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर घाम असतो. ती चमक त्वचेची नसून उजेडाचे थेट प्रतिबिंब असते, त्यामुळे ती सत्तर-ऐंशीला गेली तरी चिंता नाही. पट्टे शोधायचे ते गालाच्या सपाट, चमक नसलेल्या भागावर, डोळ्याखाली आणि दाढीच्या वर. पट्टे फक्त घामावर दिसत असतील आणि गाल कोरा असेल, तर चेहरा प्रत्यक्षात कमी उजेडात आहे असे समजावे.

काहिलीशी उभा असलेला गुळव्या

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. गुळव्या सावळा आहे, अंगात पांढरा बनियन आहे आणि तो उकळत्या रसावरची मळी काढतो आहे. मोकळ्या बाजूचा उजेड त्याच्या उजव्या गालावर येतो. पहिला झेब्रा ५० अधिक-उणे ५ वर आणि दुसरा १०० वर लावला. ॲपर्चर उघडत f/2.8 वर आल्यावर गालाच्या सपाट भागावर पट्टे भरून दिसू लागले. मात्र त्याच क्षणी बनियनच्या खांद्यावर दुसरा झेब्रा उमटला. याचे कारण साधे आहे. स्वच्छ पांढरे कापड सावळ्या त्वचेच्या सुमारे चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त प्रकाश परत टाकते. गाल ५० वर ठेवला की खांदा १०० ला टेकतो.

येथे ॲपर्चर एक तृतीयांश स्टॉप बंद करून f/3.2 वर आणावे. गाल साधारण ४५ वर येतो, म्हणजे पट्टे त्याच्या फक्त उजळ भागावर उरतात, आणि खांद्यावरचा झेब्रा जातो. बनियनच्या सुरकुत्या पुन्हा दिसू लागतात. सावळ्या वर्णाला ४५ हा आकडा पुरेसा आहे, म्हणून ही तडजोड नुकसानीची नाही. हाच गुळव्या रंगीत शर्टात असता तर f/2.8 ठेवायला काहीच हरकत नव्हती.

वाफेचा निर्णय त्यानंतर करावा. बाजूच्या उजेडातली वाफ सहसा ७५ ते ९० च्या दरम्यान राहते आणि तिचे पदर दिसतात. तीच वाफ मोकळ्या बाजूच्या थेट समोर आली, की मागून ऊन लागून शंभरावर जाते. तिच्या कडा जळाल्या तरी चालतात. तिच्या पोटातही पट्टे भरले, तर चित्रात वाफ न राहता पांढरा डाग राहतो. अशा वेळी ॲपर्चरकडे हात नेऊ नये. कॅमेरा दोन पावले बाजूला घेऊन ती मोकळी बाजू फ्रेमच्या काठाशी न्यावी, किंवा मालकांना विचारून त्या भागावर एखादी ताडपत्री अर्धी सोडावी. बाहेरचे ऊन आतल्या चेहऱ्यापेक्षा पाच-सहा स्टॉप जास्त असते आणि स्टँडर्ड प्रोफाइलमध्ये ते कोणत्याही सेटिंगने वाचत नाही. बाहेरच्या उसाच्या फडावर पट्टे दिसतात म्हणून चेहरा अंधारात ढकलणे, ही झेब्रा नव्याने वापरणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

हे सगळे रस उकळत असतानाच उरकून घ्यावे. पाक उतरायला आला की "पाव्हणं, जरा बाजूला सरा" एवढेच कानावर येते आणि काहील वाफ्यात, म्हणजे पाक थंड करण्याच्या पसरट हौदात, रिकामी होऊ लागते. त्या वेळी वाफेचा लोट एकदम दुपटीने उठतो, सगळ्या फ्रेमवर पट्टे येतात आणि हात आपोआप ॲपर्चर रिंगकडे जातो. तो आवरावा. चेहरा आणि उजेड यांत काही बदललेले नसते, त्यामुळे आधी ठरवलेले एक्सपोजर तसेच बरोबर असते.

जाळाशेजारी झेब्रा फसवतो

चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाचा शॉट वेगळाच हिशेब मागतो. झेब्रा ल्यूमा मोजतो, आणि ल्यूमामध्ये तीन रंगांचा वाटा सारखा नसतो: एचडी व्हिडिओच्या मानकात लालचा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ टक्के आणि निळ्याचा ७ टक्के. जाळाच्या उजेडात त्याच्या गालाचा लाल चॅनेल १०० ला टेकला आहे, हिरवा ४५ वर आहे आणि निळा १५ वर, असे धरू. ल्यूमा येते ५५ च्या आसपास. पहिला झेब्रा गालावर व्यवस्थित उमटतो, दुसरा गप्प राहतो, आणि प्रत्यक्षात लाल चॅनेल जळून गालाचा सगळा उतार एका सपाट नारिंगी पट्टीत बदललेला असतो. भगवे झेंडे, जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल, लाल दिव्यातला रंगमंच यांतही असेच होते.

ओळखण्याची खूण अशी की चेहरा झेब्राप्रमाणे बरोबर असतो, पण गालावर नाक आणि जबडा यांची गोलाई दिसत नाही. आरजीबी परेड, म्हणजे तिन्ही रंगांच्या पातळ्यांचे वेगवेगळे आलेख, दाखवणारा मॉनिटर असेल तर लाल रेघ वर चिकटलेली दिसते. उपाय दोन आहेत. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिन किंवा त्याखाली आणला, की प्रक्रिया केलेल्या चित्रातला लाल चॅनेल खाली येतो. जाळाचा तांबूसपणा थोडा कमी होतो, पण पुरता जात नाही. किंवा व्हाइट बॅलन्स तसाच ठेवून जाळाने उजळलेल्या चेहऱ्यासाठी पहिल्या झेब्राचा आकडा ४० वर आणावा. ज्वाळेचा गाभा मात्र जळू द्यावा. तो वाचवायला गेलात तर शेजारचा माणूस दिसणारच नाही.

फॉल्स कलर कुठे पुढे जातो

झेब्रा एका वेळी एक-दोन पातळ्या दाखवतो; फॉल्स कलर संपूर्ण चित्राला पातळीनुसार रंग देतो. लहान मिररलेस कॅमेऱ्यांत हे साधन बहुधा नसते, पण एचडीएमआयने जोडलेल्या बाहेरच्या मॉनिटरवर असते, आणि ब्लॅकमॅजिक, आरी यांसारख्या सिनेमा कॅमेऱ्यांत ते आतच मिळते. रंगांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून मॉनिटरच्या कडेची रंगपट्टी चालू ठेवावी. आरीच्या रूढ पट्टीत जांभळा म्हणजे पूर्ण काळा पडलेला भाग, निळा त्याच्या किंचित वर, हिरवा ३८ ते ४२ म्हणजे ग्रे कार्ड, गुलाबी ५२ ते ५६ म्हणजे ग्रेच्या एक स्टॉप वर, पिवळा ९७ ते ९९ आणि लाल म्हणजे जळालेला भाग. मधल्या पातळ्या करड्याच राहतात.

गुलाबी हा गोऱ्या त्वचेसाठी आणि हिरवा गडद त्वचेसाठी, हे ब्लॅकमॅजिकची पुस्तिकाही सांगते. आपल्या गुळव्याच्या गालावर म्हणूनच हिरवा, किंवा हिरवा संपून लगेच सुरू होणारा करडा भाग दिसावा आणि गुलाबी फक्त घामाच्या चमकेभोवती राहावा. संपूर्ण गाल गुलाबी झाला असेल, तर एक्सपोजर एक स्टॉपभर जास्त आहे. दोन वेगळ्या वर्णांची माणसे शेजारी उभी असतील, तेव्हा या साधनाची खरी किंमत कळते: गव्हाळ मालकांच्या गालावर गुलाबीची कड आणि गुळव्याच्या गालावर हिरवा, असे एकाच नजरेत दिसले की दोघेही आपापल्या जागी आहेत. दोघांनाही एकाच रंगात आणण्याचा खटाटोप करू नये.

फॉल्स कलर लावलेला असताना फोकस आणि हावभाव दिसत नाहीत. ॲपर्चर ठरेपर्यंत तो ठेवावा, मग बंद करावा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी फक्त वरचा झेब्रा चालू राहू द्यावा. मॉनिटर रेकॉर्डरही असेल, तर कॅमेऱ्यातील `HDMI Info Display` बंद आहे ना हे पाहावे. नाहीतर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या खुणा बाहेरच्या रेकॉर्डिंगमध्ये कायमच्या बसण्याचा धोका असतो.

लॉगमध्ये आकडे बदलतात

मोकळ्या बाजूचे ऊनही वाचवायचे असेल तर लॉग प्रोफाइल वापरावे लागते. उदाहरण म्हणून सोनीचे `S-Log3` घेऊ. त्यात ग्रे कार्ड ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद अवघ्या ६१ वर बसतो; पुढे प्रत्येक स्टॉपला सुमारे ९ टक्के मिळतात आणि अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर ९४ च्या आसपास थकतो. म्हणजेच १०० वर लावलेला झेब्रा लॉगमध्ये कधीच दिसत नाही, आणि सगळे सुरक्षित आहे असे वाटत असताना हायलाइट जळून गेलेले असतात. वरचा झेब्रा `Lower Limit` मध्ये ९४ वर, किंवा सावधगिरीने ९३ वर ठेवावा.

आपल्या कॅमेऱ्याचा नेमका आकडा पाच मिनिटांत काढता येतो. उघड्या बल्बकडे लेन्स वळवून तो निश्चित जळेल इतके ॲपर्चर उघडावे, झेब्रा १०० वर ठेवावा आणि एकेक आकडा खाली आणत जावे. ज्या आकड्यावर बल्ब एकदम पट्ट्यांनी भरतो, तीच सेन्सरची मर्यादा. ही तपासणी ज्या आयएसओवर काम करायचे त्याच आयएसओवर करावी, कारण बेसच्या खालच्या विस्तारित आयएसओवर ही मर्यादा आणखी खाली सरकते.

खालच्या झेब्राचेही तसेच. सावळ्या गालाला लॉगमध्ये ४१ ते ४५ हा आकडा योग्य. अंधारातला दाणेदारपणा कमी व्हावा म्हणून बरेच जण लॉग एक स्टॉप जास्त उघडतात. तसे केल्यास गाल ५० ते ५४ वर येईल आणि ग्रेच्या वर असलेल्या सुमारे सहा स्टॉपच्या जागेतला एक खर्ची पडेल. बाहेरचे ऊन जेथे पाच-सहा स्टॉपवर आहे तेथे ही चैन परवडत नाही. मोकळी बाजू फ्रेममध्ये नसेल, तर खुशाल करावी.

मॉनिटरवर लॉग थेट येत असताना साधी फॉल्स कलर पट्टी लावली, तर एक विचित्र गोष्ट होते. ग्रे कार्ड दोन्हीकडे ४१ च्या आसपास असल्याने हिरवा रंग बरोबर दिसतो आणि मॉनिटर नीट बसला आहे अशी खात्री पटते; परंतु गुलाबी आता एका स्टॉपऐवजी सव्वा ते पावणेदोन स्टॉप वर असतो आणि लाल तर उमटतच नाही. उलट कॅमेऱ्याने लट, म्हणजे लॉगला नेहमीच्या चित्रात बदलणारा तक्ता, लावून चित्र बाहेर पाठवले, तर लट जेथे पांढरे करते तेथे लाल दिसतो, जरी मूळ लॉगमध्ये तेथे तपशील शिल्लक असला तरी. म्हणून हायलाइट कॅमेऱ्याच्या लॉग झेब्रावर पाहावेत आणि मॉनिटरचा फॉल्स कलर चेहऱ्यापुरता वापरावा. मॉनिटरमध्ये प्रोफाइल निवडण्याची सोय असेल तर ती `S-Log3` वर ठेवून लेन्सचे झाकण, ग्रे कार्ड आणि बल्ब हे तिन्ही दाखवून बघावे: झाकणावर सर्वांत खालचा रंग, कार्डावर हिरवा, बल्बवर लाल. यांतले एकही चुकले, तर बहुधा एचडीएमआयची रेंज एकीकडे फुल आणि दुसरीकडे लिमिटेड अशी बसलेली असते. ती कॅमेऱ्यात किंवा मॉनिटरमध्ये बदलून तिन्ही रंग जागेवर आल्यावरच गुऱ्हाळाची वाट धरावी.